‘छान केलंस’ आणि ‘छान करून ठेवलंस’

पुष्कळ वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी एक अमेरिकन कथा मराठीत उतरवून देण्याचे काम मी अंगावर घेतले होते. त्या कथेतला तरुण उतारावर उभी केलेली मोटार हँडब्रेक न ओढताच सोडून घरात जातो. मोटार आपली आपण मागे सरकू लागते, अंगणाच्या टोकाशी रस्त्यालगत रोवलेला टपालपेटीचा खांब मोडते आणि त्याच्यावरच टेकून उभी राहते. आवाज ऐकून तो धावत बाहेर येतो, तेव्हा पायऱ्यांवर कॉफीचा पेला हाती घेऊन बसलेली त्याची थोरली बहीण जागची न हलता त्याला दोनच शब्द ऐकविते, ‘नाइस गोइंग.’ मी कोश उघडला, दोन्ही शब्द जुन्या ओळखीचेच निघाले, आणि निःशंक मनाने मी लिहून टाकले, ‘छान चाललं आहे.’ मुद्रिते तपासणारे गृहस्थ फारसे बोलके नव्हते. त्यांनी त्या वाक्याभोवती शिसपेन्सिलीने एक वर्तुळ काढले आणि समासात लिहिले, ‘काय चाललं आहे? गाडी तर थांबली.’

त्या शेऱ्याने माझा जो अभ्यास सुरू झाला, त्याचा हिशेब येथे मांडीत आहे. इंग्रजी कथा, नाटके किंवा चित्रपटांतले संवाद मराठीत आणण्याचा उद्योग जे करतात त्यांना तो उपयोगी पडावा. प्रथम ध्यानात घ्यावयाचे ते असे की, ‘नाइस गोइंग’मध्ये कोणी कोठे जात नाही. ही मुळात शाबासकी आहे. मित्राने परीक्षा उत्तम रीतीने पार पाडली किंवा खेळाडूने अवघड चेंडू झेलला, म्हणजे अमेरिकन मनुष्य ती मनापासून देतो. परंतु चुकलेल्या माणसाच्या पदरात तीच शाबासकी घालण्याची रीत तिकडे इतकी रुळून गेली आहे की, हे शब्द नुसते कागदावर दिसले तरी तिकडच्या वाचकाला त्यांतला वाकडा सूर आधी ऐकू येतो आणि सरळ अर्थाची आठवण मागाहून होते. मराठी ‘छान’ला ही सवय नाही. ते बिचारे अजून सरळमार्गी आहे, आणि त्याला वाकडे चालावयास लावण्याची तजवीज भाषांतरकारालाच करावी लागते.

हा उपरोध भाषांतरात दोन प्रकारांनी मरतो, आणि नवशिका लेखक एका मरणातून सुटण्यासाठी दुसऱ्याच्या तोंडी जातो. शब्द जसेच्या तसे आणले, तर तो कोणाच्या कानी न पडल्यामुळे मरतो. माझ्या ‘छान चाललं आहे’ची हीच गत झाली. उलट, शब्दांनी दगा दिला असे पाहून मनुष्य अर्थाकडे धावतो आणि लिहितो, ‘काय हा गाढवपणा!’, अर्थ बिनचूक पोहोचतो, पण उपरोध उघडा पडल्यामुळे मरतो. बहिणीने गाढव म्हटले असते तर त्या तरुणाला उलट उत्तर देता आले असते, ‘तू कशाला बोलतेस, तू तर मागच्या महिन्यात...’ असे काहीतरी म्हणून भांडण सुरू करता आले असते. तिने स्तुती केली, म्हणून त्याला नुसते ओशाळे होऊन उभे राहावे लागले. तेव्हा मराठी वाक्यात स्तुती पृष्ठभागावर शाबूत राहिली पाहिजे आणि ती खरी नाही हेही त्याच वाक्यात रुजू झाले पाहिजे. एवढी एक अट पुढच्या साऱ्या विवेचनात धरून चालावे.

बोलताना ही अट पाळण्याचे काम आवाज करतो. आपल्या साहित्यशास्त्रकारांनी आवाजाच्या या वळणाला ‘काकु’ असे नाव दिले आणि वाच्यार्थ अगदी झिडकारला जाऊन उलटा अर्थ हाती लागतो, तेथे विपरीत लक्षणा मानली. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’त याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे: ज्याने आपला घात केला त्यालाच कोणी म्हणतो की, आपण फार उपकार केले, आपली सज्जनता प्रकट झाली, असेच वागत शंभर वर्षे सुखाने जगा. श्लोक कागदावर आहे, आवाज कोणाचाच नाही, तरीही शंका उरत नाही; याचे कारण असे की, स्तुती तिच्या पात्राच्या मापाबाहेर नेली आहे, इतकी की कोणताही शहाणा मनुष्य ती मनापासून करणार नाही. लेखणीला काकु उपलब्ध नसते, तेव्हा तिच्या जागी काय ठेवावे याचे हे एक उत्तर झाले. पण ते श्लोकाला शोभते. ‘नाइस गोइंग’ दोन शब्दांत आटपते, आणि त्याच्या जागी शंभर वर्षांचा आशीर्वाद ठेवला तर कॉफीचा पेला हाती घेऊन बसलेली ती आळशी, थंड बहीण एखाद्या संगीत नाटकातली नायिका होऊन बसेल.

म्हणून शब्द शोधण्यापूर्वी बोलणाऱ्याच्या मनाची जबानी घ्यावी. मराठीने यासाठी शब्दांची फार बारीक विभागणी करून ठेवली आहे: थट्टा निराळी, टोमणा निराळा, खवचटपणा निराळा आणि कुजकटपणा त्याहून निराळा. थट्टेत ऐकणाराही हसू शकतो. टोमण्यात जुन्या कुरकुरीची खोच असते. खवचट बोलणाऱ्याला आपल्याच बोलण्याची मौज वाटत असते. आणि कुजकट बोलण्यात द्वेष साठलेला असतो. इंग्रजीत हे चारही सूर त्या दोन शब्दांत बसतात. त्या बहिणीची तऱ्हा मी पुन्हा वाचली. कथेत पुढे तीच उठून त्याला खांब उभा करावयास मदत करते आणि वडिलांपुढे त्याची बाजू घेते. म्हणजे द्वेष नाही, जुनी कुरकुर नाही, आहे तो खवचटपणा, आणि त्यालाही मायेची थोडी किनार. हा फैसला कागदाच्या कोपऱ्यात एका शब्दाने लिहून ठेवावा. पुढे चार पर्यायांपैकी कोणता घ्यावा अशी ओढाताण सुरू झाली म्हणजे तो शब्दच निवाडा करतो.

आता उमेदवारांना एकेक करून बोलावू. ‘छान केलंस’ हा पहिला. मोडलेला खांब वाचकाच्या डोळ्यांपुढे ताजा असेल तर हा शब्दप्रयोग कसाबसा चालतो. पण त्या दोहोंमध्ये दोन ओळींचे वर्णन आले की तो सरळ वाटू लागतो, कारण ‘बरं केलंस’ आणि ‘छान केलंस’ हे आपण रोज खऱ्या मनाने म्हणतो. ‘शाबास’ अधिक बरा. फारसीतल्या ‘आनंदी राहा’ अशा अर्थाच्या शब्दांतून आलेला हा शब्द मराठीत पाठ थोपटण्यासाठी जितका वापरला जातो, जवळजवळ तितकाच पडलेल्या माणसाला चिडविण्यासाठीही वापरला जातो. त्याची अडचण एवढीच की, तो वरून खाली दिला जातो, वडीलधाऱ्याने धाकट्याला, मास्तरांनी विद्यार्थ्याला. थोरल्या बहिणीच्या तोंडी तो शोभेल. बरोबरीच्या मैत्रिणीच्या तोंडी थोडा जड वाटेल. आणि कारकुनाने साहेबांना ‘शाबास’ म्हटले तर तो उपरोध न राहता उद्धटपणा होईल.

तिसरा उमेदवार ‘दिवे लावलेस’. हा आणि ‘उजेड पाडलास’ हा, दोघेही मराठीच्या खास दरबारातले मानकरी आहेत: शब्दार्थ प्रकाशाचा, व्यवहार अंधाराचा. यांना संदर्भाची गरज नाही. परीक्षेत नापास झालेल्या मुलापुढे कोणी ‘दिवे लावलेस’ म्हटले तर वीज गेली होती काय, असे कोणी विचारीत नाही. भाषांतरकाराला यांचा मोह पडतो तो याच निर्धोकपणामुळे, आणि माझ्या मते मोहाला आवर घालावयाचा तोही याच कारणासाठी. वापरून वापरून या प्रयोगांतली स्तुती पार झिजून गेली आहे. ते ऐकताना कोणाच्या मनात दिवा क्षणभरही पेटत नाही, सरळ दूषणच ऐकू येते. म्हणजे वेषांतर करून आलेला हा ‘गाढवपणा’च होय. शिवाय त्यांत राग थोडा अधिक आहे. बापाने मुलाला म्हणावे असे ते शब्द आहेत. ज्या जागी मूळ बोलणारा खरोखर संतापलेला आहे, त्या जागी ते बेलाशक वापरावेत.

माझ्या बहिणीसाठी योग्य वाक्य मला सापडले ते कोशात नव्हे, स्वयंपाकघरात. दूध उतू जाऊन ओटाभर पसरले होते, आणि त्याच्याकडे पाहत घरातली एक वडीलधारी बाई शांतपणे म्हणाली, ‘छान करून ठेवलंस.’ या वाक्याची रचना मुद्दाम उकलून पाहावी. ‘छान’ ही स्तुती तशीच्या तशी आहे. तिला मापाबाहेर फुगविलेले नाही. दोष दिला आहे तो ‘ठेवणे’ या मदतनीस क्रियापदाने. ‘करून ठेवणे’ याचा एक अर्थ अगदी निरुपद्रवी आहे, ‘भाजी चिरून ठेव’, ‘अर्ज लिहून ठेवला आहे’, म्हणजे पुढच्या सोयीसाठी आधी उरकून घेणे. परंतु नेमके कर्म न सांगता, झालेल्या प्रकाराकडे पाहून ‘करून ठेवलंस’ म्हटले की, निस्तरण्याचे काम आता दुसऱ्याच्या गळ्यात पडले आहे असा अर्थ त्यातून निघतो. ‘काय करून ठेवलंस हे!’ हे आपण म्हणतो ते याच अर्थाने. म्हणजे या तीन शब्दांच्या वाक्यात क्रियाविशेषण वाखाणते आणि क्रियापद दोष देते. दोघांची साक्ष परस्परविरुद्ध पडते, आणि वाचकाला आवाज ऐकू येत नसताही विरोध दिसतो. इंग्रजीत जे काम सुराकडे असते ते येथे व्याकरणाने उचलले आहे.

‘बसणे’ हे क्रियापदही याच जातीचे आहे. ‘ठेवणे’त परिणामाकडे बोट असते, तर ‘बसणे’त करणाऱ्याच्या बावळटपणाकडे, म्हणून कोणी नको तेथे तोंड घालून काम बिघडविले असेल तर ‘मोठा पराक्रम करून बसलास’ हे ‘करून ठेवलास’पेक्षा अधिक नेमके बसते. मात्र येथे ‘पराक्रम’, ‘मर्दुमकी’, ‘प्रताप’ असले शब्द आल्याबरोबर बोलणे लांबते आणि फुगते, हे विसरू नये. दोन शब्दांचा इंग्रजी टोला मराठीत तीन शब्दांत बसला तर उत्तम, चारांत चालेल. पाचव्या शब्दापाशी थांबून आपण भाषांतर करीत आहोत की भाष्य, हे स्वतःला विचारावे.

याच ओघात अव्ययांविषयी बोलले पाहिजे, कारण उपरोध निसटतो आहे अशी धास्ती वाटली की लेखक मुठीने अव्यये टाकू लागतो. ‘वा रे वा, काय पण छानच केलंस हो अगदी!’ अशी वाक्ये मी छापील पुस्तकांत वाचली आहेत. प्रत्येक अव्यय आपल्या जागी गुणी आहे. ‘छान’चे ‘छानच’ केले की स्तुतीला एक बारीकसा बाक येतो, आणि क्रियापद पुढे घेऊन ‘केलीस ना कमाल!’ म्हटले की वाक्य तिरपे उभे राहते. परंतु एका वाक्याला एक खूण पुरे, फार तर दोन. तिसरी खूण आली की वाचकाला असे वाटते, लेखक कोपराने ढोसून सांगतो आहे, ‘समजलं ना? उलटा अर्थ घ्या हं!’ ‘हो’ या अव्ययाबाबत तर विशेष जपावे. ‘गुणाची आहेस हो’ यात कित्येक घरांत निखळ माया असते, आणि तोच ‘हो’ दुसऱ्या घरात बोचतो. ज्या खुणेचा अर्थ घरोघर बदलतो तिच्यावर छापील वाक्याचा भार टाकू नये.

विरामचिन्हांची गोष्ट थोडक्यात सांगतो. ती मराठीत आली इंग्रजीवरूनच, मेजर कँडी यांच्या काळात, आणि आपण उद्गारचिन्हाचा स्वीकार अंमळ सढळ हाताने केला. मूळ लेखकाने ‘नाइस गोइंग’पुढे साधा पूर्णविराम दिला असेल, तर ती बहीण ओरडलेली नाही, तिच्या थंडपणातच तिचा खवचटपणा आहे. तेथे उद्गारचिन्ह घातले की तिचा आवाज चढतो आणि खवचटपणाचा त्रागा होतो. एकेरी अवतरणांत शब्द घालून तो उलटा दाखविण्याची युक्ती, अमक्याची ‘विद्वत्ता’, तमक्याचे ‘औदार्य’, ही निवेदनात चालते. संवादात चालत नाही, कारण माणसे अवतरणचिन्हे बोलत नाहीत. आणि इंग्रजी छपाईत एखादा शब्द तिरका करून त्याच्यावर जो आघात दाखवितात, तो देवनागरीत अक्षरे तिरकी करून आणू नये. मराठीत त्या आघाताची जागा ‘च’ला किंवा शब्दांच्या क्रमाला द्यावी. ‘ती उपरोधाने म्हणाली’ हे शेपूट जोडण्याचा मोह सर्वांत वाईट. मूळ लेखकाने ते जोडलेले नसेल, तर ते जोडणे म्हणजे आपल्याला वाक्य साधले नाही असा कबुलीजबाब लिहून देणे होय.

मराठीजवळ आणखी एक साधन असे आहे की, आजच्या इंग्रजीला ते ठाऊकच नाही. तिकडे ‘यू’ एकच. इकडे ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशा तीन पायऱ्या आहेत, आणि एका पायरीवरून दुसरीवर अचानक चढणे हाच एक टोमणा होऊ शकतो. उशिरा उठणाऱ्या मुलाला आई ‘उठली का स्वारी?’ म्हणते, तेव्हा त्या एका शब्दात तिने त्याला हत्तीवर बसविलेले असते. एका नाट्यप्रवेशाचे भाषांतर करताना हे साधन मला फार कामी आले. कचेरीतला वरिष्ठ एका कारकुनाने दोन पक्षकारांची पत्रे अदलाबदल करून भलत्याच पाकिटांत घातली असे पाहतो आणि म्हणतो, ‘वेल, दॅट वॉज हेल्पफुल.’ ‘ठीक, ते साहाय्यक ठरले’ असे लिहावे तर ते सरकारी अहवालातले वाटते. ‘छान करून ठेवलंत’ हे घरगुती आहे, आणि हा साहेब घरगुती बोलणारा नाही. संबंध प्रवेशात तो कारकुनाशी ‘तुम्ही’ने बोलत होता. त्या एका वाक्यात मी त्याला ‘आपण’वर चढविले: ‘आपली मोठीच मदत झाली.’ पुढच्या वाक्यात तो पुन्हा ‘तुम्ही’वर उतरतो आणि पाकिटे परत मागवावयास सांगतो. त्या वरच्या पायरीवरून कारकून कोसळतो.

पण या साधनाला पूर्वतयारी लागते. आधीच्या पाच-सहा वाक्यांत ‘तुम्ही’ स्पष्टपणे कानावर पडलेले नसेल, तर ‘आपण’ची चढण जाणवत नाही; वाचक समजतो, साहेब सभ्य आहेत. म्हणून उपरोधाचे वाक्य दिसल्याबरोबर त्याच्यामागे दोन पाने जावे आणि संबोधने पक्की झाली आहेत की नाहीत याची खातरजमा करून घ्यावी. भाषांतरातले कित्येक टोमणे फुकट जातात ते त्या जागच्या चुकीमुळे नव्हे, दोन पाने आधी ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांची भेसळ झाल्यामुळे.

आतापर्यंत आपण असे गृहीत धरले की ऐकणाऱ्याला टोला कळतो. कथेत उलट प्रकारही येतो: वाचकाला कळावे, पात्राला कळू नये, आणि त्या भोळ्या पात्राने शाबासकी खिशात घालून हसत निघून जावे. येथे ‘करून ठेवलंस’ निकामी ठरते, कारण त्यातला दोष पात्रालाही ऐकू येईल. मग त्याचा भोळेपणा मूर्खपणा वाटू लागेल. अशा जागी दुतोंडी शब्द हवेत, आणि मराठीत ते आहेत. ‘कमाल केलीस’, ‘घराण्याचं नाव काढलंस’, ‘धन्य आहेस’ हे तिन्ही प्रयोग सुलटे आणि उलटे सारख्याच सहजतेने म्हटले जातात. येथे व्याकरणाकडून काही मदत न घेता सारा भार प्रसंगावर टाकावा: पात्राने केलेली चूक वाचकाला आधीच्या ओळीत स्पष्ट दिसावी, मग वाक्य यावे, मग पात्राचे हसू. हा क्रम बिघडला, चूक मागाहून कळली, तर वाचकही पात्राइतकाच भोळा ठरतो आणि त्याला फसविल्यासारखे वाटते.

कधी त्या दोन शब्दांना एक तिसरा जोडलेला असतो: ‘नाइस गोइंग, आइन्स्टाइन.’ येथे हात शिवशिवतात, कारण ‘मोठा बृहस्पती लागून गेलास’ हे वाक्य लेखणीच्या टोकाशी आयते उभे असते आणि ते सुंदरही आहे. तरी ते परत पाठवावे. अमेरिकेतल्या एखाद्या गावात, टपालपेटीच्या मोडक्या खांबाशेजारी, देवांचे गुरू अवतरले की वाचक कथेतून उठून पुण्यात येऊन बसतो. आइन्स्टाइन मराठी वाचकाला परका नाही. त्याला राहू द्यावे. ‘लागून गेलास’ ही रचना मात्र घ्यावी, कारण रचनेला गाव नसते: ‘मोठा आइन्स्टाइन लागून गेलास!’ हाच नियम इतरत्रही लावावा. देव, तीर्थे, पेशवे आणि पुरणपोळ्या परदेशी पात्रांच्या तोंडी घालू नयेत; क्रियापदे, अव्यये आणि शब्दांचा क्रम मात्र मराठीच्या खजिन्यातून हवा तितका उचलावा.

आणि जेथे बोलणे कोणालाच उद्देशून नाही, गाडी डोळ्यांदेखत सुटते आणि मनुष्य स्वतःशीच ‘ग्रेट’ म्हणतो, तेथे आपल्या पहिल्या अटीत सूट द्यावी असे मला वाटते. मराठी मनुष्य अशा वेळी नशिबाची स्तुती करीत नाही; तो ‘घ्या!’ म्हणतो, किंवा ‘झालं!’ म्हणतो. स्तुती गेली हे खरे, पण येथे ती कोणाला ओशाळे करण्यासाठी नव्हतीच. होती ती हताशपणाची एक सुटसुटीत वाट, आणि ‘घ्या’मध्ये ती जशीच्या तशी सापडते. ‘उत्तम’ किंवा ‘फारच छान’ लिहून त्या माणसाला परदेशी सुरात बोलावयास लावण्यात काही लाभ नाही.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मधला अँटनी उभा आहे. सीझरच्या प्रेतापाशी केलेल्या भाषणात तो ब्रूटसला एकाच विशेषणाने पुनःपुन्हा गौरवितो. पहिल्यांदा जमावाला ते खरे वाटते, दुसऱ्यांदा किंचित खटकते, आणि शेवटी तेच विशेषण शिवी होऊन जमावाच्या तोंडून परत येते. येथे आरंभी उपरोधाची खूण कोठेच दिसता कामा नये. म्हणून ‘थोर’ हा शब्द नको, तो मराठीत अर्धा वाकडा आहे. ‘प्रतिष्ठित’ चालेल, कारण तो पहिल्या खेपेस सरळ पडतो. एकदा निवडलेला शब्द मग शेवटपर्यंत बदलू नये. द्विरुक्ती टाळण्याची जी सवय शाळेत आपल्या अंगी मुरविली जाते, ती येथे घातक आहे. पहिल्यांदा ‘प्रतिष्ठित’, मग ‘सन्मान्य’, मग ‘आदरणीय’ असे लिहिणाऱ्याने अँटनीच्या हातातली कुऱ्हाड काढून घेऊन त्याला पर्यायकोश दिला असे समजावे.

वाक्य साधले की नाही हे पाहण्यासाठी मी एक कसोटी वापरतो. ते वाक्य, त्याच्या आधीच्या दोन-तीन वाक्यांसह, मूळ कथा न वाचलेल्या माणसाला एकसुरी आवाजात, बाजारभाव वाचून दाखवावेत तसे वाचून दाखवितो, आणि एवढेच विचारतो, ‘बोलणारी खूश आहे की नाही?’ स्वतः मोठ्याने वाचून पाहण्याचा उपयोग नाही, कारण आपल्याला अर्थ ठाऊक असतो, भुवई आपोआप वर जाते, आवाज वळतो, आणि जे कागदावर नाही ते आपणच त्यात ओतून ठेवतो. ऐकणाऱ्याने ‘खूश आहे’ म्हटले तर खूण कमी पडली. ‘फार चिडली आहे’ म्हटले तर स्तुती मेली. ‘खूश नाही, पण मजा घेते आहे’ असे उत्तर आले तर त्या बहिणीचे वाक्य तयार झाले. माझ्या ‘छान करून ठेवलंस’ला शेजारच्या एका निवृत्त शिरस्तेदारांनी हे शेवटचे उत्तर जवळजवळ याच शब्दांत दिले आणि मी दुरुस्त केलेले मुद्रित परत धाडले, मूळच्याप्रमाणे पूर्णविराम देऊन.

दुसऱ्या मुद्रितात त्या पूर्णविरामाच्या जागी उद्गारचिन्ह आले होते. मी ते खोडले आणि समासात पूर्णविराम ठळक करून लिहिला. अंक छापून हाती आला तेव्हा पाहिले, तर उद्गारचिन्हे दोन होती. मी अंक घेऊन त्या अबोल गृहस्थांच्या टेबलापाशी गेलो, ते पान उघडून त्यांच्यापुढे ठेवले, आणि ज्या सुरात बाजारभाव वाचतात त्या सुरात म्हणालो, ‘छान करून ठेवलंत.’ त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून आधी पानाकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. मी खूश आहे की नाही, हे त्यांनी विचारले नाही.